तो 'ठीक आहे' म्हणेल, तू त्याच्या बोटांकडे बघ

*ताई, माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा आहे, मारामारीच्या केसमध्ये अडकलाय. पोलीस कोठडीचा पीसीआर संपून न्यायालयीन कोठडीचा एमसीआर झाला, आता येरवड्याला आहे. येत्या शुक्रवारी मी पहिल्यांदा मुलाखतीला जाणार आहे. आई म्हणते मी पण येते. मला भीती वाटते की मी तिथं नुसती रडेन आणि वेळ संपून जाईल. रिक्षावाल्याला 'जेल' सांगायची पण लाज वाटते. त्याला काय विचारू, सोबत काय नेऊ? वकील अजून दिलेला नाही. — एक बहीण, धनकवडी*

अगं, तुझं पत्र वाचलं आणि मी कपाटातली एक जुनी फाइल काढून बसले, त्यात रेशनकार्डाची एक झेरॉक्स आहे, तिच्याबद्दल शेवटी सांगते. आधी माझी पहिली मुलाखत सांगते, कारण तुला काय विचारायचं याची यादी देण्यापेक्षा मी तिथं काय बघितलं आणि काय बघूनही मला कळलं नाही ते सांगितलं तर तुला जास्त उपयोग होईल.

२०११ चा जून. माझा भाऊ तेव्हा २३ वर्षांचा, डिप्लोमा करून नुकता नोकरीला लागलेला. दुसऱ्या जिल्ह्यात मित्राच्या गावी गेला होता, तिथं रात्री भांडण झालं, एकाच्या डोक्याला लागलं, खुनाच्या प्रयत्नाचं ३०७ लागलं. पाच दिवस पीसीआर, मग एमसीआर, आणि तिथल्याच कारागृहात रवानगी. कारागृहाचं नाव लिहीत नाही. अटकेपासून चौदाव्या दिवशी मी स्वारगेटवरून पहाटेची एसटी पकडली. आईचं बीपी वाढलेलं म्हणून ती घरी, बाबा तर त्या दिवसांत कुणाशी बोलतच नव्हते, म्हणून मी एकटी. आईने रात्री जागून चिवडा केला होता, स्टीलचा मोठा डबा, वर झाकणाला फडकं बांधलेलं. तो मांडीवर घेऊन मी चार तास बसले होते. वहीच्या कागदावर दहा प्रश्न लिहून घेतले होते, कोण होतं सोबत, आधी कुणी मारलं, पोलीस काय म्हणाले, जेवण कसं आहे, असे.

गेटबाहेर रांग होती. त्या रांगेत मला पहिल्यांदा जाणवलं ते हे की सगळ्या बायकांच्या हातात आरपार दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. एकीकडेही डबा नाही, पर्स नाही. पिशवीत दोन शर्ट, टॉवेल, बनियन, बास. माझ्यापुढे एक पन्नाशीच्या बाई होत्या, त्यांनी माझ्या डब्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, पहिल्यांदा आलीस ना पोरी, बाहेरचं खाणं आत घेत नाहीत, त्या झेरॉक्सवाल्याकडे ठेव, मोबाइल पण तिथंच ठेव. मला ते ऐकून रडूच आलं, म्हणजे भावाला बघायच्या आधी चिवड्यासाठी रडले मी. त्या बाईंनीच माझी कागदं तपासली. माझ्याकडे ओळखपत्र होतं पण मी त्याची बहीण आहे हे दाखवणारं काहीच नव्हतं, नशिबाने बाबांनी रेशनकार्डाच्या दोन झेरॉक्स बळंच पिशवीत टाकल्या होत्या.

खिडकीवर रजिस्टर होतं. त्यात एक रकाना 'बंद्याशी नाते'. मी 'बहीण' लिहिलं आणि तो 'बंदी' शब्द त्याच्यासाठी आहे हे डोक्यात शिरायला मला थोडा वेळ लागला. मग खिडकीतल्या माणसाने यादीत शोधलं आणि म्हणाला या नावाचा कुणी नाही. हातपाय गार पडले माझे. पाच मिनिटांनी सापडला. वॉरंटवर आडनावात एक अक्षर वेगळं पडलं होतं आणि आत सगळीकडे तेच चालू होतं. तुझ्या वेळेला हे आधीच बघून घे, कारण आता ते ऑनलाइन असल्यामुळे एका अक्षरानेही अडतं, त्यावर पुढे येते.

झडती झाली, महिला शिपाई होत्या, नीट वागल्या. मग आमची पंधरावीस जणांची बॅच एकदम आत सोडली. लांबट खोली, मध्ये जाळी, तिच्यापलीकडे हातभर मोकळी जागा, मग परत दुसरी जाळी, आणि त्या दुसऱ्या जाळीमागे ते सगळे. दोन जाळ्या एकावर एक आल्या की समोरचा चेहरा चौकटीचौकटीत तुटतो, मान थोडी तिरकी केली की मग एक डोळा नीट दिसतो, परत सरळ केली की जातो. आणि आवाज इतका की विचारू नकोस, वीस इकडचे आणि वीस तिकडचे, सगळे एकदम ओरडून बोलतायत, कारण शेजारचा ओरडतोय म्हणून आपल्याला ओरडावं लागतं.

मी त्याला लगेच ओळखलं, दाढी वाढली होती तरी. तो मात्र जाळीच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत बघत आला, माझ्यावरून नजर गेली, थांबली नाही, पुढे गेली, परत मागे आली, परत माझ्यावरून गेली. दोनदा. मला वाटलं हा मुद्दाम करतोय, लाज वाटतेय याला, किंवा राग आलाय की आम्हाला यायला चौदा दिवस लागले. मी त्याच्या नावाने हाक मारली तेव्हा तो आवाजाच्या दिशेने सरकला आणि जाळीला नाक लावून उभा राहिला, डोळे बारीक करून. तरी मला कळलं नाही. तुला खरं सांगते, तो क्षण मी नंतर कितीतरी वेळा आठवलाय. त्याच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. त्याचा नंबर उणे चार. उणे चार म्हणजे वीतभर अंतराच्या पलीकडचं सगळं धूसर. शाळेत असल्यापासून मी त्याला झोपताना सोडून कधी चष्म्याशिवाय बघितलं नव्हतं आणि त्या दिवशी तो समोर उभा असताना मला एवढंच वाटत राहिलं की याचा चेहरा काहीतरी वेगळा दिसतोय, वाळलाय बहुतेक.

मी म्हटलं कसा आहेस, तो म्हणाला ठीक आहे. जेवण? ठीक आहे. झोप लागते? लागते. कुणी त्रास देतं का? नाही, सगळं ठीक आहे, आईला सांग. माझ्या दहापैकी चार प्रश्न असे एका मिनिटात संपले. पाचवा होता त्या रात्री काय झालं, तो विचारला आणि त्याने मागे वळून बघितलं, मग गप्प. मागे एक शिपाई उभा होता, बाजूला आणखी दोन बंदी. तेव्हा मला कळलं की हा प्रश्न इथं विचारायचा नसतो. केसबद्दल जे बोलायचं ते वकिलाशी, वकिलाची भेट वेगळी असते, ती दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशी द्यावी लागते. तू शुक्रवारी 'खरं सांग काय झालं' हे अजिबात विचारू नकोस. त्याला सांगावंसं वाटलं तरी म्हण, वकिलांना सांग.

आणि मग त्याने मला विचारलं, टाकीचा व्हॉल्व्ह बदलला का?

आमच्या गच्चीतल्या टाकीचा बॉलकॉक खराब झाला होता, पाणी वाहून जायचं, खालचे ओरडायचे, तो गावाला जाण्याआधी म्हणाला होता आल्यावर बदलतो. मी म्हटलं नाही रे, कुणाला सुचणार. तर हा मला सांगायला लागला, अर्धा इंची घे, पितळी घे, प्लॅस्टिकचा नको, आधी खालचा कॉक बंद करायला सांग प्लंबरला. ओरडून सांगत होता, जाळीला नाक लावून. मला घड्याळात मिनिटं जाताना दिसत होती आणि मनात चाललेलं की आपण एवढ्या लांबून व्हॉल्व्हसाठी आलोय का. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी प्लंबर बोलावला तेव्हा ते डोक्यात शिरलं, अख्ख्या वीस मिनिटांत तो एवढ्याच एका विषयावर मोकळेपणी बोलला होता, कारण तेवढ्या एका गोष्टीत तो अजून आमच्या घरातला होता. म्हणून तू घरातल्या बारीकसारीक गोष्टी घेऊन जा. गॅस कधी संपला, गाडी कोण चालू करून ठेवतं, शेजारच्यांच्या मुलाचं काय झालं. प्रश्नांपेक्षा या बातम्यांना तो जास्त बोलेल, आणि तो बोलत असताना तुला बघायला वेळ मिळेल.

बघायचं काय, तर मी आणखी दोन गोष्टी बघितल्या.

एक म्हणजे त्याचा शर्ट. निळ्या चौकड्यांचा, दोन माप मोठा, खांदे कोपराकडे उतरलेले. आमच्या घरातला नव्हता. तू हे ऐकलं असशील की आतले सगळे पांढऱ्या कपड्यांत असतात, तसं नाही, ते शिक्षा झालेल्यांचं. ज्यांची केस अजून चालायची आहे, ज्यांना न्यायबंदी म्हणतात, लोक कच्चे कैदी म्हणतात, ते स्वतःचे कपडे घालतात. म्हणजे घरून गेले नाहीत तर कपडे नाहीत. याला अटकेच्या वेळी अंगावर होता तो एकच जोड होता, आणि जूनमध्ये तो वाळत नव्हता. मी विचारलं शर्ट कुणाचा, म्हणाला एका काकांनी दिलाय, शेजारी झोपतात. मला भीतीच वाटली, कोण काका, कशासाठी दिला, बदल्यात काय मागतील. बाहेर आल्यावर मघाच्याच बाईंनी सांगितलं, बराकीत नवीन पोरगा आला की कुणीतरी म्हातारा त्याला धरून बसतो, पण उधारी ठेवू नको, पुढच्या वेळी एक जोड जास्त आण. तसंच केलं. पुढच्या वेळी तीन शर्ट नेले, दोन त्याच्या मापाचे, एक त्या काकांच्या. त्या काकांना भेटायला कुणी येत नव्हतं, हे मला नंतर कळलं.

दुसरी गोष्ट त्याची बोटं. तो बोलताना एका हाताने जाळी धरायचा आणि दुसऱ्या हाताने त्या हाताच्या बोटांच्या बेचक्या खाजवायचा. मग हात बदलायचा. मनगट पण. मी बघत होते, नजर तिथंच होती, आणि डोक्यात काही येत नव्हतं. परतीच्या एसटीत, म्हणजे चांगली तासाभराने, मला माझं होस्टेल आठवलं. आमच्या रूममध्ये चौघींना खरूज झाली होती आणि आम्ही रात्रीच्या रात्री अशाच खाजवत बसायचो, बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला, बेंबीच्या आसपास. खरूज ही अशीच असते, बारीक पुरळ आणि खाज, दिवसा कमी, रात्री पांघरुणात शिरलं की असह्य. आणि तो मला म्हणाला होता झोप लागते.

ती कुणाच्या घाणेरडेपणाने होत नाही, माणसं खेटून झोपतात तिथं होते, होस्टेल असो, वसतिगृह असो, बराक असो. बाहेरून मलम नेऊन देता येत नाही, औषध आतल्या डॉक्टरकडूनच मिळतं, त्यामुळे त्याला एवढंच सांगायचं की डॉक्टरकडे नाव लाव आणि 'खाज येते' असं मोघम न म्हणता 'रात्री येते, बेचक्यात आहे, शेजारच्यालाही आहे' असं सांग. परमेथ्रीनचं लोशन किंवा क्रीम असतं, ते फक्त खाजतंय तिथं लावून भागत नाही, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत सगळीकडे लावून रात्रभर ठेवायचं, सकाळी धुवायचं, आठवड्याने परत एकदा. शेजारी झोपणाऱ्यांनी पण त्याच दिवशी लावायचं, नाहीतर आठपंधरा दिवसांत परत सुरू. आणि खाज औषधानंतरही दोनतीन आठवडे राहू शकते, त्याने घाबरायचं नाही. माझ्या भावाचं पहिल्यांदा बरं झालं नाही कारण याने एकट्याने लावलं होतं. दुसऱ्या वेळी काकांनी आणि पलीकडच्यानेही लावलं तेव्हा गेलं.

वेळ संपल्याची घंटा झाली तशी ती खोली एकदम गप्प झाली, म्हणजे एवढा आरडाओरडा आणि मग फक्त चपलांचा आवाज. तो वळला आणि गेला, मागे बघितलंच नाही. ते मला फार लागलं. खरंतर मागे बघून त्याला काय दिसणार होतं, सांग. पण हे सगळं मला चष्म्याचं लक्षात आल्यावर कळलं, आणि ते लक्षात आलं झेरॉक्सच्या दुकानात. डबा आणि मोबाइल परत देताना दुकानदाराने पोचपावतीसारखा एक कागद पुढे केला, तो वाचायला मी माझा स्वतःचा चष्मा काढून पदराने पुसला, आणि हात तिथंच थांबला.

चष्मा त्याच भांडणात फुटला होता, अटकेच्या आधीच. त्याने कुणाला सांगितलं नाही, कारण त्याला वाटलं आपण काही मागायचं नसतं. चौदा दिवस तो धुरकट माणसांत राहत होता.

चष्म्याचं कसं केलं ते नीट सांगते, कारण तुझ्या भावाला चष्मा नसेल तरी दम्याचा पंप असेल, नेहमीची गोळी असेल, कमरेचा पट्टा असेल, रस्ता साधारण तोच आहे. घरी जुन्या चष्म्याचा नंबर लिहिलेलं कार्ड होतं, त्यावरून लक्ष्मी रोडवरच्या दुकानात नवीन करून घेतला. फ्रेम पूर्ण प्लॅस्टिकची, भिंगंही काचेची नाहीत, कारण धातू आणि काच म्हटलं की आत देताना प्रश्न येतात. मग दोन अर्ज. एक कारागृहाच्या अधीक्षकांच्या नावे, साध्या कागदावर, बंद्याचं नाव वॉरंटवर आहे तसं, केस नंबर, काय वस्तू, का हवी, सोबत नंबराच्या कार्डाची झेरॉक्स. दुसरा वकिलामार्फत कोर्टात, की आरोपीला चष्मा वापरू द्यावा. कोर्टाने पुढच्या तारखेला मंजूर केला, त्या आदेशाची प्रत लावून चष्मा गेटवर जमा केला आणि पोच घेतली. माझ्या मुलाखतीपासून तो त्याच्या हातात पडेपर्यंत नऊ दिवस गेले. पोच घ्यायला विसरू नकोस, कुठलीही वस्तू दिलीस तरी.

आता तुझ्या शुक्रवारचं. आमच्या वेळेला पहाटे जाऊन कागद लिहून द्यायचा असायचा, आता eprisons.nic.in वर ई-मुलाकात नावाची सोय आहे. त्यात तुझं नाव, पत्ता, ओळखपत्राचा नंबर, मोबाइल, मग राज्य आणि कारागृह, मग त्याचं नाव आणि वडिलांचं नाव, नातं. प्रत्यक्ष भेट की व्हिडिओ असं विचारतील तिथं नीट बघून निवड. नुसता फॉर्म भरला म्हणजे झालं नाही, मंजूर झाल्याचा मेसेज आला पाहिजे, तो येईपर्यंत निघू नकोस. आणि त्याचं नाव वॉरंटवर जसं पडलंय तसंच घाल, मघाशी सांगितलं ते हेच. शिवाय त्याने आत भेटायला येणाऱ्यांची नावं दिलेली असतात, त्यात तुझं आहे का हे तारखेला कोर्टात दिसला तर त्याच्याकडूनच विचारून घे. भेटीचे वार आणि वेळा बदलत राहतात, म्हणून शुक्रवार ठरवून बसू नकोस, मेसेजमध्ये जो दिवस येईल तोच दिवस.

ने ते एवढंच. मूळ ओळखपत्र आणि दोन झेरॉक्स, नातं दिसेल असं काहीतरी, मेसेजची प्रिंट. आरपार पिशवीत दोन शर्ट, दोन पॅन्ट, आतले कपडे, टॉवेल. नाडीचे पायजमे आमच्याकडून घेतले नव्हते, इलॅस्टिकचे घेतले. खायचं काही नको, आईला आधीच समजावून सांग, नाहीतर तीही रात्रभर जागून काहीतरी करेल. पैसे हातात देता येत नाहीत, त्याच्या नावावर जमा होतात, त्याला आत पीपीसी म्हणतात, त्यातून तो कॅन्टीनमधून साबण, पेस्ट, बिस्किटं घेतो. आम्ही मनीऑर्डर करायचो. तेव्हाच्या फॉर्मला खाली मजकुरासाठी छोटी पट्टी असायची, त्या पट्टीवर मी पहिल्यांदा लिहिलं होतं 'चष्मा जमा केलाय. व्हॉल्व्ह पितळी बसवला.' जागा तेवढीच होती. हल्ली पैसे कसे घेतात ते खिडकीवर विचार, आणि कुणी मधला माणूस 'मी पोचवतो' म्हणाला तर त्याच्या हातात एक रुपया देऊ नकोस.

जाळी असेल असंही नाही, बऱ्याच ठिकाणी आता काच आणि इंटरकॉम आहे. तसं असेल तर तुझं सोपं आहे, दिसेल नीट. फोन कानाला लागला की माणूस खाली बघून बोलायला लागतो, तू खाली बघू नकोस.

वकिलाचं थांबवू नकोस. कोठडीत असलेल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती हे विचारत नाहीत. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथं जाऊन अर्ज दे, तो आतूनही देऊ शकतो. खाजगी वकील केलात तर वकालतनाम्यावर त्याची सही लागते, ती आत पाठवून जेलरच्या सहीशिक्क्यासह परत येते, त्यात दिवस जातात, म्हणून तो कागद शुक्रवारच्या आधी तयार ठेव. आणि पहिल्या रिमांडची तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेव. तिथून ६० किंवा ९० दिवसांत, कलमावर अवलंबून, चार्जशीट आली नाही तर जामिनाचा हक्क तयार होतो, पण तो अर्ज चार्जशीट येण्याआधी करावा लागतो, एक दिवस उशीर झाला तर गेला. वकिलाला तारीख माहीत असेलच असं धरून चालू नकोस, तूच विचार.

आईला पहिल्या वेळी नको नेऊस. मला माहितीये ती ऐकणार नाही, पण सांगून बघ की नावं आणि कागद बसले की पुढच्या वेळी नेते. माझी आई दुसऱ्या खेपेला आली आणि तिने सगळा वेळ फक्त त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, एक शब्द बोलली नाही, आणि ते तिचं बरोबरच होतं, तिला तेवढंच हवं होतं. पण पहिल्या वेळी कुणीतरी त्याचे हात, कपडे, ओठ, चालणं बघणारं पाहिजे, आणि ते तूच आहेस.

रडू आलं तर रड, एखाद मिनिट जाईल. त्यालाही बरं वाटतं कधीकधी, कुणीतरी रडतंय म्हणून. फक्त जायच्या आधी ते 'तू असं का केलंस' घरी ठेवून जा.

रिक्षावाल्याला सरळ 'सेंट्रल जेल' सांग. पुण्यात लहानपणापासून आपण 'येरवड्याला पाठवू' ऐकत मोठे होतो, ते मेंटल हॉस्पिटलवरून, म्हणून त्या नावाचीच लाज अंगात बसलीये. १८७१ पासून तो तुरुंग तिथं आहे आणि तेव्हापासून त्याच्या दारात बहिणी उभ्या राहतायत. रिक्षावाल्याने तुझ्यासारख्या कितीतरी जणींना सोडलंय, तो मागे वळून बघणार पण नाही.

आणि बाहेर आलीस की कुणालाही फोन करायच्या आधी, आईला पण नाही, पाच मिनिटं बस आणि जे बघितलंस ते लिहून काढ. फोनवर बोलायला लागलीस की 'ठीक आहे म्हणाला' एवढंच डोक्यात राहतं, बाकीचं जातं. मी एसटीत रेशनकार्डाच्या उरलेल्या झेरॉक्सच्या पाठीमागे लिहिलं होतं, तीच ही आज काढलेली. पेन्सिल थोडी पुसट झालीये, बस हलत असल्यामुळे अक्षर वेडंवाकडं. एकाखाली एक असं आहे:

चष्मा नाही.
शर्ट कुणाचा.
बोटं. खरूज?
टाकी, अर्धा इंची, पितळी.

तू जाऊन आलीस की तुझ्या कागदावर काय आलं ते मला कळव.